कथा: नऊ रुपये (बोरीच्या वाळवंटातली यात्रा)

बोरीकाठ

मंडळी, दोन महिने ही गोष्ट लिहितोय, खोडतोय. पात्रं काल्पनिक आहेत. यात्रा मात्र खरी, आमच्या अमळनेरची सखाराम महाराजांची, वैशाखातली. हिशेब चुकल्याच्या गोष्टींत दुकानदार बहुतेक वेळा लबाड असतो, आणि तेवढ्यावर गोष्ट संपते. मला ते नको होतं. चूक प्रामाणिक असावी आणि ती नेमकी कुठून शिरली हे वाचणाऱ्याला दिसावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. आकडे तपासून बघा आणि खटकलं ते मोकळेपणानं सांगा.

---

आबांनी शंभराची नोट सुपडूच्या मुठीत ठेवली आणि मूठ वरून दाबली. एकादशीचा रथ कधीच पुढे गेला होता. आबांचा गुडघा धरला होता, म्हणून ते समाधीच्या अलीकडे पिंपळाखाली बसून राहिले.

"जिलबी सव्वा किलो, तुन्या आत्याले. गोडी शेव पाऊण, घरले. रेवडी अर्धा. आन् पैसा मोजीसन आन."

बोरीचं पात्र वैशाखात पाण्याशिवाय असतं. त्या वाळूत दुकानांच्या दोन रांगा लागल्या होत्या. टोपल्या, पाट्या, पितळी घंटा, फण्या, प्लास्टिकचे बैल. पाळण्याच्या पलीकडे मौत का कुआ, आणि त्याच्या भोंग्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

मिठाईच्या दुकानावर पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं भाव लिहिले होते. जिलबी २४, गोडी शेव ३२, रेवडी २६. गर्दीत उभ्या उभ्या सुपडूनं हिशेब करून टाकला. त्याला पाढे यायचे. शाळेत तिसापर्यंत होते, पण घरी आबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ करून घेतली होती. गुरांमागे जाताना आबा एक ओळ म्हणायचे, पुढची त्यानं म्हणायची. चार सवाय पाच. चोवीस म्हणजे सहा वेळा चार, तर सहा पंचे तीस. जिलबीचे तीस. चार पाऊण तीन. बत्तीस म्हणजे आठ वेळा चार, तर आठ त्रिक चोवीस. शेवेचे चोवीस. सव्वीसचं निम्मं तेरा. तीस आणि चोवीस चोपन्न, आणि तेरा सदुसष्ट.

तोलायला एक म्हातारे काका होते. तोलता तोलताच त्यांची तोंडी बेरीज व्हायची आणि ते गल्ल्याकडे आकडा ओरडायचे. गल्ल्यावरचा शेठ तो वहीत लिहायचा, तोच आकडा कागदाच्या कपट्यावर लिहून गिऱ्हाइकाला द्यायचा आणि पैसे घ्यायचा. त्याचं वर बघणंच होत नव्हतं. सुपडूची नोट गल्ल्यात गेली. पुड्या, कपटा आणि मोड हातात आली, मागच्यानं ढकललं, आणि तो बाहेर पडला.

पाळण्याच्या खांबाशी बसून त्यानं मोड मोजली. दहाच्या दोन नोटा. एक-एक रुपयाची चार नाणी. मग आबांच्या रीतीनं मोजायला घेतली. आबा कधी वजाबाकी करत नसत. मालाच्या किमतीपासून वर चढायचं, दिलेल्या नोटेपर्यंत. सदुसष्ट. तीन नाणी ठेवली, सत्तर. दहा, ऐंशी. दहा, नव्वद. एक नाणं हातात उरलं, आणि शंभर काही आले नाहीत.

एक्क्याण्णव. नऊ कमी.

पहिला विचार आला, पडले. त्यानं पुड्या मांडीवर घेतल्या आणि बसल्या जागची वाळू बोटांतून चाळली. वर गरम, खाली गार. एक हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. दुसरा विचार आला, आपलाच पाढा चुकला. त्यानं डोळे मिटून पुन्हा म्हटला. चार सवाय पाच. चार पाऊण तीन. पुन्हा सदुसष्टच आले. मग त्यानं मुठीतला कपटा उलगडला. शाईत लिहिलं होतं: ७६.

तो परत गेला. दोनदा हाक मारली, भोंग्यात विरली. मग त्यानं कपटा थेट वहीवर ठेवला.

"शेठ, नऊ रुप्या कमी शेतस."

"पुढे हो रे, गर्दी शे."

"सदुसष्ट व्हतस."

शेठनं पहिल्यांदा मान वर केली. आठ-नऊ वर्षांचं पोर, कपाळाला बुक्का. "बोल बरं," तो म्हणाला, अर्धा चिडून. सुपडू बोलत गेला. शेठनं बोटांच्या पेरांवर त्याच्याबरोबर यायला सुरुवात केली आणि शेवेपाशी मागे राहिला. सुपडू तेरावर जाऊन थांबला.

"काका, या पोराचं किती सांगितलं तुम्ही?"

काकांनी तराजू न सोडता सांगितलं, "सदुसष्ट."

शेठनं कपट्याकडे पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत तो शब्द स्वतःशी म्हटला, सावकाश, आणि म्हणता म्हणता त्याचं पेन कपट्याच्या कडेला आपोआप लिहून गेलं: आधी सात. तो थांबला.

पाचाची एक नोट आणि दोन रुपयांची दोन नाणी त्यानं मोजून सुपडूच्या तळहातावर ठेवली. सुपडू गेला. मागचं गिऱ्हाईक शंभराची नोट पुढे करून उभं होतं, पण शेठचं बोट वहीच्या पानावरून वर वर जात होतं. ६४. ९१. ५८. ७६. ४३. सगळे आकडे सारखेच नीट लिहिलेले होते.

---

गिरणाकन्या

काय सुंदर! वाळू वर गरम, खाली गार, अगदी तस्सं. मुलानं जास्त आलेले नऊ रुपये परत नेऊन दिले हे वाचून डोळे भरले. आता मुलांना असं कोण शिकवतं? गोडी शेव वाचून तोंडाला पाणी सुटलं, माझ्या माहेरच्या यात्रेत ती वर्तमानपत्राच्या पुड्यात मिळायची.

बोरीकाठ

गिरणाताई, आभार. पण पैसे जास्त आले नव्हते, कमी आले होते. तो स्वतःचे मागायला गेला. मला वाटतं त्या वयाच्या पोराला भर यात्रेत गल्ल्यावरच्या माणसाला "तुमचं चुकलं" म्हणणं, जास्तीचे पैसे परत देण्याहून जड जातं. देणाऱ्याला निदान शाबासकीची खात्री असते.

गिरणाकन्या

अरेच्चा, हो की! पुन्हा वाचली. आता वेगळीच वाटली गोष्ट. ती नाणी मोजताना एक हातात उरतं ना, तिथं मीच थांबले.

गल्लेवाला_चोपडा

माझी स्वतःची किराणाची पेढी आहे, वडिलांपासून. त्या नऊवरच मी ओळखलं की आकडा उलटा पडलाय. फरकाला नवानं भाग गेला की आकडे उलटे झालेत, डोळे झाकून समजा. कधी चुकत नाही. एक सुचवतो. आबांनी पोराला नवाचा ताळा शिकवलेला दाखवा. ताळा पाहिला असता तर शेठच्या जागेवरच चूक सापडली असती, पोराला वाळू चाळावी लागली नसती.

कीर्द_खतावणी

बोरीकाठ, गोष्ट मनापासून आवडली. मी एका सूतगिरणीत लेखापाल म्हणून निवृत्त झालो, तेव्हा हा विषय माझा जवळचा.

गल्लेवाला भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण ताळ्याचं नेमकं उलट आहे. करून बघा. जिलबीचे तीस, अंकांची बेरीज तीन. शेवेचे चोवीस, सहा. रेवडीचे तेरा, चार. तीन, सहा आणि चार मिळून तेरा, म्हणजे ताळा चार. आता खरी बेरीज सदुसष्ट, सहा आणि सात तेरा, ताळा चार. जुळलं. आणि शेठनं लिहिलेले शहात्तर? सात आणि सहा तेरा. ताळा चारच. म्हणजे चुकीची बेरीजही ताळ्याला जुळते! ताळा अंकांची बेरीज बघतो, अंक कुठल्या घरात बसलेत ते बघत नाही. म्हणून अंकांची अदलाबदल ही अशी नेहमीची चूक आहे, जी ताळा नेमकी पास करून सोडतो. आबांनी ताळा शिकवला असता तर सुपडूनं कपट्यावरचे शहात्तर खरे मानले असते आणि घरी गेला असता. त्याला वाचवलं ते वर चढून मोजण्यानं, आणि आधीच स्वतः केलेल्या हिशेबानं.

नवाच्या फरकाचं म्हणाल तर त्याचं कारण सोपं आहे. सदुसष्टातला सहा दशकातून एककात उतरला की सहा नव्वे चोपन्न कमी होतात. सात एककातून दशकात चढला की सात नव्वे त्रेसष्ट वाढतात. उरले नऊ. दोन अंकांत जितका फरक, तितके नऊ. फरक अठराचा असेल तर अंकांत दोनाचं अंतर, सत्तावीस असेल तर तिनाचं. आम्ही तेरीज जुळली नाही की आधी फरकाला नवानं भागून बघायचो आणि मग तेवढं अंतर असलेले आकडेच शोधायचो, सगळी खतावणी नाही. फार वेळ वाचायचा.

पण "डोळे झाकून" म्हणू नका. नवानं भाग जाण्याला आणखी कारणं असतात. चाळीसच्या जागी चार लिहिले की फरक छत्तीस, त्यालाही नवानं भाग जातो आणि तिथं अदलाबदल नसते, शून्य गळालेलं असतं. आणि याच गोष्टीत बघा. तेहेतीसची मोड म्हणजे दहाच्या तीन नोटा आणि तीन नाणी. त्यातल्या एका दहाच्या जागी चुकून एक रुपया गेला तर काय हातात येईल? दोन नोटा आणि चार नाणी. चोवीस! लेखकानं दिलेली मोड हुबेहूब तीच आहे. म्हणजे कपटा उलगडेपर्यंत वाचणारा असंही म्हणू शकतो की शेठनं हिशेब बरोबर केला, हात चुकला. दोन रुपयांची दोन नाणी दिलीत तर ती शंका राहणार नाही.

गल्लेवाला_चोपडा

ताळ्याचं पटलं. कागदावर करून पाहिलं, खरंच चार-चार येतात. इतकी वर्षं वडिलांचा ताळा लावत आलो आणि हे कधी लक्षात आलं नाही. पण उलट्या आकड्याची पारख नवानंच होते, हे मी सोडणार नाही. दुकानात दहापैकी नऊ वेळा तेच निघतं.

कीर्द_खतावणी

दुकानात तुमचा अनुभव तसा असेल. शोध सुरू करायला ती उत्तम जागा आहे. फक्त तिथं थांबू नये.

बोरीकाठ

कीर्द काका, ही मोड मी नकळत तशी लिहिली होती! रात्री बराच वेळ विचार केला. मला वाटतं मी ती तशीच ठेवीन. सुपडू वाळू चाळतो त्याआधी त्याच्या मनात "दहाची नोट द्यायची विसरला असेल, तिच्या जागी रुपया आला" हाही विचार येऊ दे. मग कपट्यावरचे शहात्तर त्याला खोटं पाडतील. नाण्यांवरून एक दिसतं, कागदावरून दुसरं, आणि पोरानं कागद उघडायला हवा. दोन ओळी वाढतील, बस.

पांझरेचं_पाणी

धुळ्याहून. गोष्ट चांगली आहे पण मला शेठ पटला नाही. यात्रेत दुकान लावणारी माणसं वर्षभर गावोगाव फिरतात. आज अमळनेर, मग मुक्ताईनगर, सारंगखेडा, आमची एकवीरा देवीची यात्रा. त्यांचा हात इतका बसलेला असतो की झोपेतही मोड बरोबर देतील. आणि समजा असं होत असेल, तर रात्री गल्ला जुळला नसता का? पहिल्याच रात्री कळलं असतं. गोष्टीत शेवटी शेठ वहीवर बोट फिरवतो, ते नाट्यमय वाटलं.

कीर्द_खतावणी

गल्ला जुळला असता, आणि तीच यातली खरी मेख आहे. वहीत शहात्तर लिहिले, गिऱ्हाइकाकडून शहात्तरच घेतले. रात्री वहीची बेरीज आणि गल्ल्यातली रोकड तंतोतंत एक येणार. रोकड वहीशी जुळली म्हणजे वहीत लिहिलेलं आणि घेतलेलं एक होतं, एवढंच सिद्ध होतं. लिहिलेलं बरोबर होतं का, हे त्यातून कळत नाही. आमच्या गिरणीत नवी पोरं रोकड जुळली की वही बंद करून घरी निघायची, त्यांना हे समजवताना माझा निम्मा जन्म गेला.

मालावरून कळलं असतं का? भांड्यांचं दुकान असतं तर कदाचित. किती परात गेल्या, किती उरल्या, मोजता येतं. मिठाईत साखर, मैदा, तेल, चाखायला दिलेलं, तुटलेलं, पाक उरलेला. तिथं नऊ-अठरा रुपये कुठे दिसणार? आणि चुका दोन्ही बाजूंनी होतात हेही बघा. चौतीसचे त्रेचाळीस लिहिले तर गिऱ्हाइकाचं नुकसान, पण एक्क्याण्णवचे एकोणीस लिहिले तर शेठचं. म्हणून शेवटी तो वहीवर बोट फिरवतो ते मला अजिबात नाट्यमय वाटलं नाही. त्याला त्या वहीतून काहीच शोधता येणार नाही, आणि हे त्याला त्याच क्षणी कळलंय.

पांझरेचं_पाणी

एक्क्याण्णवचे एकोणीस लिहिले तर त्याला तिथंच कळेल. बहात्तर रुपयांचा फरक आहे, तेवढा माल समोर असतो. छोट्या फरकाचं मान्य. बसलेल्या हाताचं मात्र अजून पटत नाही.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते, तापीपलीकडच्या गावात. बसलेला हात चुकत नाही हे खरं, पण तो स्वतःची बेरीज स्वतः लिहिताना. इथं आकडा दुसरा माणूस ओरडून सांगतोय. आपल्या भाषेत सदुसष्ट म्हणताना सात आधी येतो, साठ नंतर. लिहिताना साठ आधी हवा. माझ्या वर्गात आकडे सांगून लिहून घेतले की दर वर्षी चार-पाच मुलं "चौतीस" ऐकून आधी चार लिहितात आणि मग पुढे तीन. ४३. ती मुलं ढ नसतात. जे आधी ऐकलं ते आधी लिहिलं, इतकंच. त्यांच्यासमोर चौतीस गोट्या ठेवा, तीन दहा आणि चार सुट्या बरोबर करतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. भाषा बिघडवताय म्हणून लोक तुटून पडले. मला स्वतःला सत्तावीस, सदुसष्ट हे शब्द प्रिय आहेत आणि ते जावेत असं मुळीच वाटत नाही. पण त्या बदलामागची अडचण मी रोज वहीत बघते. मोठी माणसं ही पायरी ओलांडतात, पण घाईत, आवाजात, दुसऱ्याचं ऐकून लिहिताना पाय त्याच पायरीवर घसरतो. म्हणून शेठ तो शब्द सावकाश म्हणतो आणि पेन आधी सात लिहून जातं, ही ओळ मला या गोष्टीतली सगळ्यात खरी वाटली.

एक गोष्ट मात्र सांगते. आपल्याकडे आणखी एक घसरण आहे, एकोणाची. एकोणसत्तर ऐकून मुलं ७९ लिहितात, कारण कानात "सत्तर" राहतं. तिथं फरक दहाचा येतो. तेव्हा नवाची पारख तिथं काही उपयोगाची नाही.

गल्लेवाला_चोपडा

ताई, हे एकोणाचं आमच्या दुकानातल्या पोराचं अगदी असंच व्हायचं. मी त्याला फोनवर आकडे सांगताना आता "सहा नऊ" असं सुटं सांगतो.

पांझरेचं_पाणी

ऐकून लिहिण्याचं पटलं. मग बोरीकाठ, भोंगा आणखी जवळ आणा. शेठच्या डोक्यावरच असू द्या.

शेवंती_यावल

मी इथं फारसं लिहीत नाही. ही गोष्ट वाचून गळ्याशी आलं म्हणून लिहिते. आमच्याकडे कापूस. मी नववीत असताना गावात खेडा खरेदीला एक व्यापारी यायचा. नाव सांगत नाही, माणूस आता नाही. अंगणात तोलकाटा टांगायचे, त्याचा माणूस गाठोड्याचं वजन ओरडायचा आणि दुसरा लिहायचा. माझे वडील गाठोडी उचलून द्यायचे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या वर्षी घरी मोजलं होतं त्यापेक्षा माल कमी भरला, असं वडील मरेपर्यंत म्हणत राहिले. आम्ही सगळे समजायचो, व्यापाऱ्यानं काट्यात मारलं. वडिलांनी नंतर त्याच्याशी बोलणंही सोडलं.

तो वजनांचा कागद आईनं जपून ठेवलाय. यात असं उलटं लिहिलेलं असू शकेल का? ते शोधता येतं का?

कीर्द_खतावणी

शेवंतीताई, कागद आहे हे मोठं. काट्याचं काही सांगता येणार नाही, काट्यात खोट असेल तर ती प्रत्येक गाठोड्यात थोडी थोडी असते आणि कागदावर दिसत नाही. पण उलट्या आकड्याचा माग काढता येतो, थोडाफार. गाठोडी एकाच माणसानं, एकाच मापाच्या फडक्यात बांधलेली असतील तर वजनं जवळजवळ असतात. सगळी चाळिशीत आणि मध्येच एखादं एकदम तिशीत, असं दिसलं तर तो आकडा उलटून बघा. उलटल्यावर तो बाकीच्यांच्या रांगेत नीट बसला तर शंका घ्यायला जागा आहे. आधी फक्त आकडे इथं लिहा, बाकी काही नको.

शेवंती_यावल

रात्री आईकडून कागद घेतला. घडीवर फाटलाय पण वाचता येतो. ओळीनं लिहिते: ४२, ४४, ४१, ४३, ४५, ४२, ४४, ४३, ४१, ४४, ३४.

गल्लेवाला_चोपडा

३४! सापडलं की ताई. त्रेचाळीस होते ते. नऊ किलो.

पाटीपेन्सिल

"त्रेचाळीस" ऐकून आधी तीन लिहिले. अगदी माझ्या वर्गातल्यासारखं.

कीर्द_खतावणी

थांबा जरा. उलटून त्रेचाळीस होतात आणि ते रांगेत बसतात, हे खरं. पण तो आकडा शेवटचा आहे. शेवटचं गाठोडं बहुधा उरलेल्या कापसाचं असतं, भरेल तेवढं. ते खरोखरच चौतीस किलोचं असू शकतं. मधला आकडा असता तर मी बऱ्याच खात्रीनं बोललो असतो. ताई, शेवटचं गाठोडं पूर्ण भरलं होतं का, हे कोणाला आठवतं का? आणि घरी मोजलं तेव्हा किती कमी भरलं म्हणत होते वडील, नऊ की जास्त?

शेवंती_यावल

वडील आकडा कधी सांगत नसत, "भरलं नई" एवढंच म्हणत. आईला आत्ता विचारलं. ती म्हणाली, शेवटचं गाठोडं तिनंच बांधलं होतं, साडीच्या फडक्यात, कारण फडकी संपली होती. भरलेलं होतं का, तर म्हणाली, हो. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, साडी फडक्यापेक्षा लहान होती.